मराठी भाषकांच्या इंग्रजीतील ‘डू’चा लोप : कारणमीमांसा व सराव-पाठ

मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीत ‘ही नॉट गो’, ‘व्हेअर यू लिव्ह?’, ‘व्हाय शी क्राइड?’ अशी वाक्ये वारंवार आढळतात. नकारार्थी आणि प्रश्नार्थी रचनेत इंग्रजीला लागणारे ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ हे साहाय्यक क्रियापद त्यांतून गळलेले असते. वहीवर तांबडी खूण होते, नियम पुन्हा एकदा सांगितला जातो आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक परत दिसते. या पुनरावृत्तीचे खापर बहुधा विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणावर फोडले जाते. वस्तुतः चुकीमागे मराठीची स्वतःची एक सुसंगत व्यवस्था उभी असते. ती नीट पाहिली तर चुकीचे कारण कळते, आणि ज्या मातृभाषेमुळे ही अडचण आली तिच्यातच तिच्या निवारणाचे एक साधन असल्याचेही ध्यानात येते. या लेखात प्रथम त्या व्यवस्थेचा विचार केला असून नंतर त्यावर आधारलेले सराव-पाठ दिले आहेत. इंग्रजी वाक्ये उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. प्रश्न मुख्यतः कानाच्या व जिभेच्या सवयीचा असल्याने ती मोठ्याने वाचावीत हे बरे.

१. इंग्रजीतील ‘डू’ कशासाठी येते?

‘ही प्लेज’ या होकारार्थी वाक्यात काळ व पुरुष दाखविणारा प्रत्यय, म्हणजे शेवटचा ‘ज’, मुख्य क्रियापदालाच चिकटलेला असतो. वाक्य नकारार्थी करताना कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये ‘नॉट’ येऊन बसतो. आजच्या इंग्रजीत हा प्रत्यय ‘नॉट’ला ओलांडून क्रियापदापर्यंत पोचू शकत नाही आणि त्याला एकटे उभे राहण्याचीही मुभा नाही. त्याला आधार म्हणून ‘डू’ हा धातू पुढे केला जातो, आणि ‘डू’ व ‘ज’ मिळून ‘डज’ तयार होते. मुख्य क्रियापद आता मूळ रूपात राहते : ‘ही डज नॉट प्ले’. भूतकाळाचेही असेच. ‘प्लेड’मधील भूतकाळ ‘डिड’मध्ये जातो व ‘प्ले’ मोकळे होते. प्रश्नात कर्त्याच्या आधी काळाचा प्रत्यय न्यावा लागतो, आणि तिथेही त्याला वाहून नेण्यास ‘डू’च हवे : ‘डज ही प्ले?’ नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात इंग्रजी क्रियापदाचे जे विश्लेषण केले, त्याचा या रचनेपुरता गाभा एवढाच आहे. काळाचा प्रत्यय हा क्रियापदापासून सुटा घटक मानला की ‘डू’चे प्रयोजन आपोआप स्पष्ट होते.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवावयास हव्यात. पहिली म्हणजे या ‘डू’ला ‘करणे’ हा अर्थ नाही. ते केवळ वाहक आहे. विद्यार्थी मात्र ‘डू म्हणजे करणे’ असे पाठ करून आलेला असतो. ‘तो खेळत नाही’ या वाक्यात ‘करणे’ कुठेच दिसत नसल्याने त्याला ‘डज’ आणण्याचे कारण उमगत नाही. उलट ‘तू काय करतोस?’ याचे भाषांतर तो ‘व्हॉट यू डू?’ असे करतो व ‘डू’ एकदा आलेच आहे, या समजुतीने निश्चिंत होतो. ‘व्हॉट डू यू डू?’ या शुद्ध वाक्यातील पहिले ‘डू’ वाहक आहे आणि दुसरे खरे क्रियापद आहे, हे त्याला स्वतंत्रपणे दाखवून द्यावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की, ही व्यवस्था इंग्रजीतही सनातन नाही. शेक्सपिअरच्या नाटकांत आणि १६११ च्या बायबलच्या भाषांतरात क्रियापदामागे थेट ‘नॉट’ ठेवलेली वाक्ये विपुल आहेत. सोळाव्या शतकात ‘डू’चा वापर वाढत गेला व पुढे तो सक्तीचा झाला. तेव्हा ‘डू’ नसलेले वाक्य हे तर्कदृष्ट्या सदोष नसून आजच्या इंग्रजीच्या रूढीबाहेरचे आहे, इतकेच. शिक्षकाने एवढे जाणले तरी चुकीकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते.

२. मराठीचा नकार

मराठीत नकार दाखविणारा ‘नाही’ हा शब्द इंग्रजीतील ‘नॉट’सारखा अव्ययरूप नाही. तो चालविला जातो : मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. म्हणजे ‘नाही’ हे नकाराचा अर्थ पोटात घेतलेले एक क्रियापदच आहे. आता वर्तमानकाळातील पुढील जोड्या पाहाव्यात.

तू जातोस – तू जात नाहीस.
तो जातो – तो जात नाही.
ती जाते – ती जात नाही.
ते जातात – ते जात नाहीत.

डावीकडे ‘जा’ या धातूला लिंग, वचन व पुरुष यांचे प्रत्यय लागले आहेत. उजवीकडे मात्र चारही वाक्यांत ‘जात’ हे एकच न बदलणारे रूप आहे. पुरुष व वचन दाखविण्याचे काम ‘नाही’कडे गेले आहे : ‘जातोस’मधील ‘स’ ‘नाहीस’मध्ये आला. ‘ही गोज’ आणि ‘ही डज नॉट गो’ यांतही नेमके हेच घडते. मुख्य क्रियापद आपला प्रत्यय सोडून देते आणि साहाय्यक तो उचलतो. फरक एवढाच की, मराठीत नकार आणि साहाय्यक हे एकाच शब्दात आहेत, तर इंग्रजीत ते ‘डज’ आणि ‘नॉट’ असे दोन शब्द आहेत. ‘नाही’ म्हणजे ‘नॉट’ असे समीकरण शिकविले गेले की, साहाय्यकाचा अर्धा भाग भाषांतरात हरवतो आणि ‘ही नॉट गो’ तयार होते.

हिंदीशी तुलना केल्यास मराठीचे हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. ‘वह जाता है’ याचा नकार ‘वह नहीं जाता’ असा होतो. तेथे ‘नहीं’ बदलत नाही आणि लिंग-वचनाचे प्रत्यय ‘जाता’कडेच राहतात. इंदूर, भोपाळ किंवा दिल्ली येथे वाढणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या कानावर दोन्ही पद्धती असतात. हिंदीच्या द्वारे इंग्रजी शिकविणाऱ्या वर्गात प्रत्यय नकाराकडे सरकण्याचा दाखला त्याला मिळत नाही. तो त्याच्या घरच्या भाषेत असतो.

मात्र मराठीची ही सोय भूतकाळात बरीचशी नाहीशी होते. ‘तो गेला’ याचा नकार ‘तो गेला नाही’ आणि ‘ते गेले’ याचा नकार ‘ते गेले नाहीत’. येथे ‘गेला’, ‘गेले’ ही भूतकाळाची रूपे जशीच्या तशी राहतात व ‘नाही’ त्यांच्यामागून येते. यामुळेच ‘डिड’ वापरावयास शिकल्यानंतरही विद्यार्थी ‘ही डिड नॉट वेन्ट’ असे म्हणतो. ‘गेला नाही’ म्हणताना भूतकाळ क्रियापदातच ठेवण्याची त्याला जन्मापासून सवय आहे. वर्तमानकाळाचा नियम समजलेला विद्यार्थी भूतकाळात पुन्हा अडखळतो, त्याचे एक प्रमुख कारण हे होय.

‘नाही’ आणखी एका वाटेने गोंधळ निर्माण करते. ‘तो घरी नाही’ या वाक्यात ते ‘आहे’चा नकार आहे, तर ‘तो जात नाही’ यात साहाय्यक आहे. पहिल्या वाक्याचे इंग्रजी ‘इज नॉट’ने होते, आणि पाठ्यपुस्तकांत ते सहसा आधी शिकविले जाते. त्यामुळे ‘नाही’ दिसताच ‘इज नॉट’ योजण्याची सवय लागून ‘ही इज नॉट गो’ असे वाक्य तयार होते. त्यातच ‘जात’ हे रूप ‘गोइंग’सारखे भासते, मग ‘तो रोज शाळेत जात नाही’ याचे ‘ही इज नॉट गोइंग टू स्कूल डेली’ होते. याची रचना शुद्ध आहे, पण नित्याची गोष्ट सांगण्याचा अर्थ तिच्यात नीट उतरत नाही.

३. मराठीचा प्रश्न

प्रश्न करताना मराठी वाक्याचा पदक्रम सहसा हलत नाही. ‘तू जातोस’ या विधानाच्या शेवटी ‘का’ जोडला की ‘तू जातोस का?’ हा प्रश्न होतो. बोलताना नुसता स्वर चढविला तरीही भागते. ‘कुठे’, ‘केव्हा’, ‘काय’ हे शब्द उत्तर जेथे येणार त्याच जागी बसतात : ‘तू पुण्यात राहतोस’, ‘तू कुठे राहतोस?’ इंग्रजीत शेवटच्या ‘का’ला प्रतिशब्द नाही. म्हणून भाषांतरात तो गळतो व ‘यू गो?’ एवढेच उरते. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी ‘व्हेअर’ पुढे न्यावयास लवकर शिकतो, कारण ते डोळ्यांना दिसते; पण उरलेले वाक्य विधानाच्याच क्रमाने ठेवतो : ‘व्हेअर यू लिव्ह?’

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. ‘डू’ गाळण्याची चूक केवळ मराठी भाषकच करतात असे नाही. इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलेही काही काळ ‘डू’विना नकार व प्रश्न बोलतात. ‘डू’ची रचनाच मुळात अवघड आहे. मातृभाषेचा परिणाम प्रामुख्याने विद्यार्थी कोणत्या पायरीवर अधिक काळ थांबतो आणि कोणत्या रूपाने चुकतो यांत दिसतो. शिवाय आश्चर्य किंवा खात्री करून घेण्याच्या भावनेने इंग्रज माणूसही ‘यू लिव्ह इन पुणे?’ असे विचारतो. तेवढ्यावरून ती चूक ठरत नाही. मात्र प्रत्येक साधा प्रश्न याच पद्धतीने येऊ लागला, तर ‘डू’ आत्मसात झालेले नाही असे समजावे.

४. एक उत्तरपत्रिका

समजा, तीन विद्यार्थ्यांना ‘काल तो आला नाही’ या वाक्याचे भाषांतर करावयास दिले. पहिल्याने लिहिले, ‘ही नॉट केम येस्टरडे’. दुसऱ्याने लिहिले, ‘ही डोन्ट कम येस्टरडे’. तिसऱ्याने लिहिले, ‘ही डिड नॉट केम येस्टरडे’. प्रचलित पद्धतीनुसार तिन्ही उत्तरे चूक व तिघांनाही शून्य गुण. परंतु या तीन चुका एका पातळीच्या नाहीत.

पहिल्याने ‘नाही’ची जागा ‘नॉट’ने भरली आहे. त्याला साहाय्यकाची गरजच जाणवलेली नाही. दुसऱ्याच्या जिभेवर ‘डोन्ट’ हा एकसंध शब्द बसला आहे. ‘डोन्ट गो’, ‘डोन्ट टॉक’ अशा आज्ञांतून तो त्याने उचलला आणि ‘नॉट’चे लांब रूप म्हणून वापरला. त्यात ‘डू’ आहे व ते काळ-पुरुषानुसार बदलते, हे त्याला ठाऊक नाही. तिसऱ्याने साहाय्यक ओळखला, त्यात भूतकाळही घातला. फक्त ‘आला नाही’च्या सवयीने क्रियापदातील भूतकाळ काढून घेतला नाही. तो योग्य रूपापासून एका पावलावर आहे.

तिघांनाही सारखेच शून्य मिळाल्याने सर्वांत मोठे नुकसान तिसऱ्याचे होते. कालपर्यंत तो ‘नॉट केम’ लिहीत होता, तेव्हाही शून्यच मिळत होते. ‘डिड’ आणूनही फळ सारखेच, असे पाहून तो अनेकदा ‘डिड’च सोडून देतो किंवा ‘हॅज नॉट कम’सारख्या आडवाटेने जातो. तपासताना म्हणून पहिल्या वाक्यात ‘डिड’ची रिकामी जागा दाखवावी, दुसऱ्यात ‘डोन्ट’ फोडून ‘डू’ व ‘नॉट’ वेगळे लिहावेत आणि तिसऱ्यात ‘डिड’ला बरोबरची खूण करून केवळ ‘केम’खाली रेघ ओढावी.

५. सराव-पाठ

पुढील पाठ याच क्रमाने घ्यावेत. प्रत्येक पाठ आधी तोंडी व मग लेखी असावा. एका पाठात अडखळणे थांबल्याखेरीज पुढचा घेऊ नये.

पाठ पहिला : प्रत्ययाचे स्थलांतर. आरंभ मराठीतून करावा. शिक्षकाने ‘तू खेळतोस’ म्हणावे. विद्यार्थ्याने ‘तू खेळत नाहीस’ म्हणून ‘स’ कोठून कोठे गेला ते सांगावे. ‘ते गातात’, ‘ती धावते’, ‘तुम्ही लिहिता’ अशी आठ-दहा वाक्ये झाली की इंग्रजीकडे वळावे : ‘ही प्लेज – ही डज नॉट प्ले’, ‘शी सिंग्ज – शी डज नॉट सिंग’, ‘ही रन्स – ही डज नॉट रन’. प्रत्येक वेळी ‘ज’ किंवा ‘स’ हा प्रत्यय कोठून निघून कोठे बसला ते विचारावे. वाक्यात तो एकदाच ऐकू आला पाहिजे. ‘ही डज नॉट प्लेज’ असे ऐकताच ‘प्रत्यय किती वेळा आला?’ एवढेच विचारावे. बहुधा विद्यार्थी स्वतःच दुरुस्ती करतो.

पाठ दुसरा : चार पायऱ्या. होकारार्थी वाक्य नकारात बदलण्यापूर्वी ‘डू’ बाहेर काढण्याची एक मधली पायरी ठेवावी.

‘ही प्लेज.’ – ‘ही डज प्ले.’ – ‘ही डज नॉट प्ले.’ – ‘डज ही प्ले?’
‘दे सिंग.’ – ‘दे डू सिंग.’ – ‘दे डू नॉट सिंग.’ – ‘डू दे सिंग?’
‘शी केम.’ – ‘शी डिड कम.’ – ‘शी डिड नॉट कम.’ – ‘डिड शी कम?’

दुसरी पायरी इंग्रजीत भर देण्यासाठी खरोखरच वापरली जाते : ‘तो खेळतोच’, ‘ती आलीच होती’ अशा अर्थाने. ती शुद्ध आहे, पण एरवीच्या विधानासाठी नव्हे, हे आरंभीच सांगावे. ही पायरी भक्कम झाली की नकारात फक्त ‘नॉट’ घालणे व प्रश्नात फक्त कर्ता व ‘डू’ यांची अदलाबदल करणे उरते. विद्यार्थ्याला एका वेळी एकच हालचाल करावी लागते.

पाठ तिसरा : भूतकाळाची सोडवणूक. ज्या क्रियापदांचे रूप पूर्ण बदलते तीच येथे घ्यावीत : ‘वेन्ट’, ‘केम’, ‘एट’, ‘सॉ’, ‘टुक’, ‘रोट’. शिक्षकाने ‘ही वेन्ट’ म्हणावे. विद्यार्थ्याने आधी केवळ ‘डिड गो’ हे दोन शब्द उच्चारावेत, नंतर ‘ही डिड नॉट गो’ हे पूर्ण वाक्य. त्यानंतर ‘तो गेला नाही’, ‘त्याने खाल्ले नाही’, ‘तिने पत्र लिहिले नाही’ ही मराठी वाक्ये द्यावीत. मराठीत भूतकाळ क्रियापदात राहतो, इंग्रजीत तो ‘डिड’मध्ये जातो, हा विरोध येथे स्पष्ट शब्दांत मांडावा. ‘वेन्ट’ अशी चूक आल्यास ‘भूतकाळ दोनदा झाला’ एवढीच आठवण पुरे.

पाठ चौथा : छोटी उत्तरे. ‘तो आला का?’ याचे उत्तर मराठीत ‘हो, आला’ किंवा ‘नाही आला’ असे मूळ क्रियापद घेऊन येते. इंग्रजीत त्या जागी ‘डू’चे रूप येते : ‘डिड ही कम?’ ‘यस, ही डिड.’ ‘नो, ही डिडन्ट.’ येथे ‘डिड’खेरीज दुसरे क्रियापद नसल्याने ते गाळताच येत नाही. दोन-दोन विद्यार्थ्यांनी घर, शेत, बाजार, खेळ यांविषयी एकमेकांना प्रश्न विचारावेत. प्रश्नात ‘डू’ गाळले तर उत्तर देणाऱ्यालाच अडते, कारण त्याचे ‘यस, ही डिड’ कशावरून आले हे त्याला सापडत नाही. चूक शिक्षकाऐवजी सोबत्याच्या ध्यानात येते, हा या पाठाचा विशेष लाभ होय.

पाठ पाचवा : ‘क’कारादी प्रश्न. हा प्रश्न विधानावरून न बनविता हो-नाही प्रश्नावरून बनवावा. ‘डू यू लिव्ह इन पुणे?’ यातील ‘इन पुणे’ काढून ‘व्हेअर’ आरंभी ठेवावे : ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ तसेच ‘डिड शी क्राय बिकॉज ऑफ पेन?’ यावरून ‘व्हाय डिड शी क्राय?’ ‘डू’ आधीच जागेवर असल्याने ते गळत नाही. मात्र ज्याविषयी विचारावयाचे तो खुद्द कर्ताच असेल, तर ‘डू’ येत नाही : ‘कोण आले?’ – ‘हू केम?’ नियम नव्याने शिकलेला विद्यार्थी येथे ‘हू डिड कम?’ असे म्हणू लागतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाआधी ‘कर्ता ठाऊक आहे का?’ असे त्याने स्वतःस विचारावे. ठाऊक असेल तर ‘डू’, नसेल तर विधानाचाच क्रम.

पाठ सहावा : निवड. मागील पाठांनंतर ‘डज ही इज हॅपी?’, ‘डू यू कॅन स्विम?’ अशी अतिरिक्त ‘डू’ असलेली वाक्ये येणे स्वाभाविक आहे. ‘इज’, ‘आर’, ‘कॅन’, ‘विल’ ही क्रियापदे ‘नॉट’ व प्रश्न यांचा भार स्वतःच वाहतात. त्यांना वाहक नको. ‘ही इज टायर्ड’, ‘शी कॅन रन’, ‘दे वर्क हिअर’, ‘ही वॉज लेट’, ‘शी टुक इट’ अशी मिश्र वाक्ये द्यावीत. विद्यार्थ्याने रूपांतर न करता प्रथम केवळ ‘डू हवे’ किंवा ‘डू नको’ असे सांगावे, आणि मगच प्रश्न व नकार करावेत.

६. प्रगतीची खूण

सरावातील शुद्ध उत्तरांवरून ‘डू’ आत्मसात झाले असे मानता येत नाही, कारण तेथे विद्यार्थ्याचे लक्ष रूपावरच असते. खरी परीक्षा काही दिवसांनी, दुसऱ्याच विषयावर बोलताना घ्यावी. ‘काल शाळेत न आलेल्या मित्राला तीन प्रश्न विचार’ असे सांगून शिक्षकाने केवळ ऐकावे. पहिल्या प्रश्नात ‘डिड’ आले व तिसऱ्यात गळले, तर रचना समजली आहे पण सवय झालेली नाही. त्याला दुसरा व चौथा पाठ पुन्हा द्यावा. तिन्ही प्रश्नांत ‘डिड’ असून क्रियापद मात्र भूतकाळी असेल, तर केवळ तिसरा पाठ पुरेसा आहे. ‘डिड’ कोठेच नसेल, तर पुन्हा आरंभापासून, म्हणजे ‘तू जातोस – तू जात नाहीस’ या जोडीपासून सुरुवात करावी. त्या जोडीतील ‘स’चा प्रवास विद्यार्थी इंग्रजीचे अक्षर शिकण्यापूर्वीपासून अचूक करीत आलेला असतो, त्याला त्याची जाणीव करून देणे एवढेच तेथे शिल्लक असते.